मावशीच्या सभेत मला बोलायचं नाही

प्रश्न : माझी मावशी महिन्यापूर्वी गेली. आई नोकरी करायची, त्यामुळे दहावीपर्यंत मी सदाशिव पेठेत तिच्याच घरी वाढले. दर जूनमध्ये माझ्या वह्या-पुस्तकांना जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं तीच घालायची. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी नवी पेठेतल्या एका सभागृहात तिची श्रद्धांजली सभा आहे. मावसभाऊ म्हणतो, घरच्यांतर्फे तूच बोल. मी अनेक वर्षं कार्यक्रमांचं निवेदन करते, त्यामुळे मला नाही म्हणायला कारणच नाही असं सगळे धरून चाललेत. पण मावशीबद्दल एक वाक्य बोलायला गेले तरी घसा आवळतो, आवाजच फुटत नाही. गेल्या आठवड्यात एका बक्षीस समारंभाचं निवेदन मात्र न अडखळता केलं, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. वहिनी म्हणते, अर्धी गोळी घे, माझ्याकडे आहे. आई म्हणते, तू नाही बोललीस तर लोक काय म्हणतील. मी आत्तापर्यंत नुसतं 'बघते' म्हटलंय. नाही म्हणू का? आणि कसं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : म्हणा. आणि आजच म्हणा, कारण तुमच्या 'बघते'चा अर्थ तुमच्या भावानं एव्हाना 'हो' असा लावलेला असणार.

आपल्याकडे घरगुती शोकसभा कशी जुळते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण या वेळी तुम्ही माईकच्या दुसऱ्या बाजूला आहात म्हणून सांगते. सभागृह ठरलं की त्याच दिवशी एका कागदावर नावं लिहिली जातात. ऑफिसातले एक-दोन जण, सोसायटीचे कुणीतरी, भजनी मंडळातल्या किंवा सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणी, आणि शेवटी 'घरचे'. प्रत्येकाला तीन मिनिटं सांगतात आणि प्रत्येक जण सात-आठ घेतो. हा कागद निवेदकाकडे जातो, मग कुणीतरी हौसेनं व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपात तुमचं नावही घालतं. आज नाही म्हणालात तर एक ओळ खोडावी लागेल. सभेच्या आदल्या रात्री म्हणालात तर भावाची झोप जाईल आणि चार नातेवाईक तुम्हाला समजवायला फोन करतील. सकाळी दहावीच्या वर्गासमोर उभ्या राहिलेल्या शिक्षकासारखा तुमचा भाऊ त्या दिवशी सगळीकडे बघत असेल. त्यात तुमची रिकामी जागा कशी भरायची हा प्रश्न त्याच्यापुढे ऐनवेळी नको.

आता बक्षीस समारंभाचं. तिथे जमलं म्हणजे इथेही जमेल, हा हिशेब चुकीचा आहे. रडू यायला लागतं तेव्हा शरीर जास्त हवा आत ओढायच्या तयारीत जातं आणि स्वरयंत्रातली फट रुंद उघडते. आवाज निघायला मात्र स्वरतंतू एकमेकांजवळ यावे लागतात, आणि आवंढा गिळायला तर ती फट पूर्ण मिटावी लागते. एक ओढ उघडायची, एक मिटायची. त्या ओढाताणीतच घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, आवाज चिरकतो, नाहीतर निघतच नाही. श्वासही तुटक होतो, त्यामुळे वाक्याच्या शेवटपर्यंत हवा पुरत नाही. यात तुमच्या वर्षानुवर्षांच्या सरावाचा काही दोष नाही आणि काही उपयोगही नाही. पाण्याचा घोट घेतला की क्षणभर बरं वाटतं, कारण गिळताना ती फट मिटते. दुसऱ्या वाक्याला गोळा परत येतो.

'माईक हातात घेतलास की आपोआप येईल' असं तुम्हाला कुणीतरी म्हणालं असेलच. हा सल्ला सभेच्या भीतीसाठी खरा आहे. भीती पहिल्या दोन-तीन मिनिटांत उतरत जाते, कारण लोक आपल्याला खात नाहीत हे कळतं. दुःखाचं उलट होतं. 'आज आपण सगळे इथे जमलो आहोत' हे तुम्ही सहज म्हणाल, कारण ते कुणाबद्दलही म्हणता येतं. जसजसं बोलणं मावशीच्या जवळ जाईल, तिच्या स्वयंपाकघरात, त्या कव्हरांपाशी, तसतसा आवाज जाईल. आणि तिथे न जाता बोलायचं असेल तर ते भाषण निवेदकही करू शकतो. तुम्हाला बोलावलंय ते नेमकं जिथे आवाज जातो त्या जागेबद्दल ऐकायला.

वहिनींच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. व्यासपीठावरच्या थरथरीसाठी डॉक्टर कधीकधी प्रोप्रॅनोलॉल देतात. तिनं छातीची धडधड आणि हाताचा कंप कमी होतो, रडू थांबत नाही, आणि दमा असलेल्या माणसाला ती धोक्याची ठरू शकते. चिंतेवरच्या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी झापड येते, जीभ जड होते. यातली कुठलीही असली तरी ती वहिनींना लिहून दिलेली आहे, तुम्हाला नाही. गोळी परत करा.

नाही म्हणायचं ते फोनवर की लिहून? एरवी मी फोन करा म्हटलं असतं. पण फोनवर तुमचा आवाज जाणार, भाऊ घाबरून 'बरं बरं, रडू नकोस, आपण बघू' म्हणणार आणि गोष्ट परत 'बघू'वर येऊन थांबणार. म्हणून आधी लिहून पाठवा, फोन त्याला करू दे. असं काहीतरी लिहा :

'दादा, मावशीच्या सभेत मी बोलणार नाही. तिच्याबद्दल बोलायला गेले की आवाजच निघत नाही, आणि हे दहा-बारा दिवसांत बदलणारं नाही. त्यामुळे बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घालू नकोस, घातलं असशील तर काढ. मी एक पान लिहून गुरुवारपर्यंत तुझ्याकडे देते. ते कुणी वाचायचं ते आपण दोघं ठरवू. सभेला मी आहेच. आधी यायचं असेल तर सांग, हॉलवरचं काही काम असेल तर तेही सांग.'

यात काय नाही ते बघा. 'माफ कर' नाही, कारण तीनदा माफी मागितली की समोरचा माफ न करण्याचा विचार करू लागतो. 'प्रयत्न करते' नाही, 'शक्यतो' नाही. त्या दोन शब्दांच्या भरवशावर तो तुमची जागा रिकामी ठेवेल. तब्येतीचं खोटं कारणही नाही. घसा बसलाय म्हणालात तर रविवारपर्यंत चार जणी हळद-दूध आणि ज्येष्ठमध घेऊन येतील आणि घसा सुटला का ते विचारतील. खरं कारण एका वाक्यात सांगून पुढे जायचं.

पान लिहून द्यायलाच हवं असं नाही. नुसतं नाही म्हणून थांबलात तरी तुमचं काही चुकत नाही. तरी मी ते निरोपात घातलं, कारण तुमच्या भावाला नेमकं काय हवंय ते मला दिसतंय. त्याची आई गेली आहे. बाहेरची माणसं तिच्या कामाबद्दल, स्वभावाबद्दल बोलतील. घरात ती कशी होती हे सांगणारं कुणी नसेल तर सभा निरोप समारंभासारखी होईल, ही त्याची धास्ती आहे. तो स्वतः बोलू शकत नाही, म्हणून तुमच्याकडे आला. (हे त्यानं तोंडानं म्हटलं नसेल. आपल्याकडचे पुरुष हे 'तू बोलतेस छान' अशा वाक्यात गुंडाळून देतात.) त्याला तुमचा आवाज हवाय असं वाटतं, खरं तर घरातली गोष्ट हवीय. ती कागदावरूनही जाते.

लिहायचं ठरवलंत तर तीनशे-सव्वातीनशे शब्द पुरे. शोकसभेतलं वाचन संथ असतं, मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे जात नाही, म्हणजे तीन मिनिटं झाली. आणि त्यात एकच गोष्ट लिहा. 'मावशी म्हणजे मायेचा झरा' हे वाक्य सुचेल, ते खोडा. त्या दिवशी ते आणखी दोन जण म्हणणार आहेत. तुमच्या पत्रात मावशीबद्दलचं एकच ठोस वाक्य आहे, कव्हरांचं, आणि मला तेवढ्यावरून ती बाई दिसू लागली. तेच उघडून लिहा. जुनी पानं ती वर्षभर कुठे ठेवायची? चिकटवायला खळ करायची की डिंकाची बाटली होती? तारखांची बाजू आत घ्यायची की बाहेर? तुमच्या भावाची पुस्तकं आधी व्हायची की तुमची? कव्हर फाटलं तर वर्षाच्या मध्यात दुसरं मिळायचं का, की आधी बोलणी बसायची? बोलणी बसत असतील तर तेही लिहा. गेलेल्या माणसाला रागावू न देणारी भाषणं ऐकून घरचे मनातल्या मनात म्हणतात, ही कुणाबद्दल बोलताहेत?

लिहिताना रडू येईल. येऊ द्या, तिथे कुणी घड्याळ लावून बसलेलं नाही. एका बैठकीत होणार नाही, दोन-तीनदा बसावं लागेल. ज्या वाक्याशी दरवेळी थांबाल ते काढू नका, वाचणाऱ्याला ते जमेल.

वाचणारं माणूस निवडणं हे लिहिण्याहून नाजूक काम आहे. तुमच्यापेक्षा एक पायरी लांबचं कुणी हवं. मावशीला चांगलं ओळखणारं, घरातली नावं बरोबर उच्चारणारं, पण तिथे उभं राहून कोसळणार नाही असं. मावशीची मुलगी किंवा तुमची आई नको. निवेदकही नको, हे जरा स्पष्टच सांगते. व्यवसायातल्या निवेदकांचा शोकसभेसाठी राखून ठेवलेला एक ओला स्वर असतो, तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतेय. साध्या घरगुती मजकुरावर तो स्वर चढला की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. शेजारची कुणी, मावशीची धाकटी सून, भावाची मोठी मुलगी अशा कुणाला विचारा.

आणि शक्यतो बाईच निवडा. कारण सरळ आहे. तुम्ही लिहाल, 'मी शाळेतून आले की तिच्याजवळ जाऊन बसायचे.' हे वाक्य पुरुषाच्या आवाजात आलं की मागच्या रांगेतली पोरं खुसखुसतील आणि वाचणाराही बिचकेल. मग तो तिथल्या तिथे 'आलो', 'बसायचो' असं बदलत जाईल आणि दोन ओळींत अडखळेल. पुरुषच वाचणार असेल तर मजकूर आधीच 'ती' धरून फिरवून द्या. बाई वाचणार असेल तर 'मी' तसाच राहू द्या. तिनं सुरुवातीला एवढंच म्हणावं : 'हे त्यांच्या भाचीनं लिहिलंय, तिच्याच शब्दांत वाचते.'

कागद छापील द्या, अक्षर मोठं, अठरा पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा, एकाच बाजूला. पान बदलताना वाक्य तुटू देऊ नका. मोबाइलवरून वाचू देऊ नका. मधेच फोन येतो, पडदा काळा होतो आणि ती बोट फिरवत ओळ शोधत बसते. वाचणारीनं घरी दोनदा मोठ्यानं वाचावं, पण तुमच्यासमोर नाही. तुम्ही समोर असलात तर ती तुमच्याकडे बघून वाचेल आणि तुमच्याबरोबर तिचाही आवाज जाईल. एक जादा प्रत भावाच्या खिशात असू द्या.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगते. तुमचं नाव यादीतून गेलं तरी तुम्ही सुटलात असं नाही. आपल्या सभांमध्ये शेवटचा वक्ता झाला की पसायदानाच्या आधी निवेदक म्हणतो, 'आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर…' आणि माना वळतात. तुम्ही तर शहरात माईकवर दिसणाऱ्या बाई आहात. निवेदक तुमच्या ओळखीचा असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो आदरापोटी तुमचं नाव घेईल. त्याला वाटेल, मान दिला. माईक हातोहात तुमच्यापर्यंत येईल.

म्हणून निवेदक कोण ते भावाला विचारा आणि त्याला स्वतः निरोप पाठवा. बोलावं लागत नाही, लिहिलं की झालं : 'माझ्या पानाचं वाचन आहे. मला व्यासपीठावर बोलावू नका, शेवटच्या आवाहनातही माझं नाव घेऊ नका. आणि मी का बोलत नाही ते सांगू नका.' शेवटची ओळ गाळू नका. 'ताई इतक्या खचल्या आहेत की त्यांना शब्द सुचत नाहीत' असं चांगल्या मनानं कुणी माईकवरून म्हटलं की सगळं सभागृह तुमच्याकडे वळून बघतं, मग तुम्ही न बोलताही व्यासपीठावरच असता.

एवढं करूनही माईक आलाच, तर दोन्ही हात जोडा, मान खाली करून नमस्कार करा आणि माईक शेजारी द्या. आपल्याकडे शोकसभेत नमस्कार हे पूर्ण उत्तर धरलं जातं, त्यावर कुणी पुढे प्रश्न विचारत नाही. शेजारी बसणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तो माईक तुमच्याकडे परत ढकलणार नाही. घरचे म्हणून तुम्हाला पहिल्या रांगेत बसवतील. तिथे न बसता तिसऱ्या-चौथ्या रांगेत, दाराच्या बाजूची कडेची खुर्ची घ्या. तुमचं पान वाचलं जात असताना बाहेर जावंसं वाटलं तर कुणाचे गुडघे ओलांडावे लागू नयेत.

सुरुवातीला फोटोला फुलं वाहायला रांग लागते, तेव्हा घरच्यांबरोबर पुढे जा. हार, निरांजन, आलेल्यांना फुलं देणं, यातलं काही भावाकडून मागून घ्या. तुम्ही सभेत दिसलात, काहीतरी करताना दिसलात, की 'लाडकी भाची कुठे दिसली नाही' हे वाक्य जन्मालाच येत नाही.

यातच आईंचंही उत्तर आहे. लोक काहीतरी म्हणतील, हे आईंचं बरोबर आहे. तुम्ही बोललात आणि दुसऱ्या वाक्याला थांबलात, तरीही म्हणतील. फरक इतकाच की तेव्हा आईंना बहिणीच्या फोटोसमोर मुलीला तशा अवस्थेत बघावं लागेल. हे त्यांना सांगा, भांडणाच्या सुरात नको. त्यांचीही बहीण गेली आहे आणि 'लोक' या शब्दाआड त्या बहुधा स्वतःबद्दल बोलताहेत. आपल्या बहिणीबद्दल घरातलं कुणीतरी बोलावं असं त्यांनाच वाटतं. पान लिहून झालं की आधी त्यांना वाचायला द्या. कव्हरांबद्दल तुम्हाला आठवत नाही असं काहीतरी त्या सांगतील, आणि ते घालायला जागा ठेवा.

त्या दिवशी ऐनवेळी वाटलं की आपल्याला जमेल, तर? तुमची प्रत पर्समध्ये असू द्या, पण आजपासून सभेपर्यंत ही शक्यता कुणाजवळ बोलू नका. भावाला कळली तर तो वाचणारीला 'बघू, कदाचित तीच बोलेल' म्हणेल, आणि ती तयारी सोडून देईल. माझं मत विचाराल तर वाटलं तरी उठू नका. सभागृहात शिरतानाचा धीर फोटो दिसेपर्यंतचा असतो.

एक गोष्ट वेगळी. आणखी चार-सहा महिन्यांनीही तिचं नाव घेता येत नसेल, किंवा त्याआधीच झोप, जेवण आणि तुमचं निवेदनाचं काम बिघडायला लागलं असेल, तर समुपदेशकाकडे जा. आज तसं दिसत नाही. महिन्याभरात आवाज न फुटणं यात काळजी करण्यासारखं काही नाही.

सभा संपल्यावर चहाच्या टेबलाशी कुणीतरी नक्की भेटेल आणि म्हणेल, 'फार सुंदर लिहिलंत हो, पण तुम्हीच वाचायला हवं होतं.' त्यांना कारण सांगत बसू नका. 'हो' म्हणा, आणि चहा घ्या.